पैसे आले, उत्पन्न अजून यायचं होतं

डिसेंबर 2021 चा हिशेब बंद करताना कंपनीचे मालक, म्हणजे आमचे सर, फार खुशीत होते. एका महिन्यात नऊ लाखांच्या वर विक्री दिसत होती. खर्च नेहमीसारखा एक लाख दहा हजारांच्या आसपास. सरांनी त्याच आठवड्यात दोन नवीन माणसं घ्यायचं ठरवलं आणि मला पगाराचा अंदाज काढायला सांगितलं. जानेवारीचा हिशेब आला तेव्हा विक्री होती 73,000 आणि तोटा होता 37,000. ग्राहक तेवढेच, काम तेवढंच, सॉफ्टवेअरही तेच. तरी एक महिना भरभराटीचा आणि पुढचा महिना तोट्याचा.

आम्ही सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी विकतो. ग्राहक वर्षाचे पैसे एकदम भरतो आणि बारा महिने वापरतो. बऱ्याच ग्राहकांची वर्गणी डिसेंबरात संपते, त्यामुळे नूतनीकरणाचे पैसेही डिसेंबरातच येतात. इनव्हॉइस फाडलं की पूर्ण रक्कम विक्री खात्यात जमा करायची, ही पद्धत मी रुजू होण्याआधीपासून चालत आलेली. मीही दोन वर्षं तीच चालवली.

लेखापरीक्षक फेब्रुवारीत आले. त्यांनी वह्या उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला: "31 डिसेंबरला तुम्ही तुमच्या ग्राहकांचं किती देणं लागत होता?"

मी म्हटलं, "काहीच नाही. सगळ्यांनी पैसे आधीच भरलेत."

ते म्हणाले, "म्हणूनच विचारतोय. त्यांनी भरलेत, तुम्ही अजून दिलेलं नाही."

मग त्यांनी एक इनव्हॉइस उचललं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तारखा मांडल्या. ग्राहकाने 10 डिसेंबरला वर्षाचे पैसे भरले. 31 डिसेंबरपर्यंत त्याला 22 दिवसांची सेवा मिळाली. उरलेल्या 343 दिवसांची सेवा द्यायची बाकी. उद्या कंपनी बंद पडली, तर हा माणूस त्या 343 दिवसांचे पैसे मागायला येईल. जे मागायला कोणी येऊ शकतं, ते देणं. ताळेबंदात ते देणं म्हणूनच दिसलं पाहिजे, आणि एकेक दिवस सेवा दिली जाईल तसतसं ते उत्पन्नात वळतं झालं पाहिजे. आयएफआरएस 15 हे उत्पन्नाच्या नोंदीचं आंतरराष्ट्रीय मानक 1 जानेवारी 2018 पासून लागू आहे आणि ते या देण्याला करारातलं देणं म्हणतं. ऑफिसात सगळे त्याला डिफर्ड रेव्हेन्यू म्हणतात, मीही तेच म्हणेन.

एक ग्राहक धरून नोंदी सांगते. आकडा मुद्दाम सोपा घेतलाय. वर्गणी 36,500, मुदत 17 मार्च 2022 ते 16 मार्च 2023, म्हणजे 365 दिवस, दिवसाला 100. पैसे आले त्या दिवशी बँक खातं नावे 36,500 आणि डिफर्ड रेव्हेन्यू खातं जमा 36,500. विक्री खात्याला या दिवशी हातही लावायचा नाही. मार्च संपला की मार्चमधले 15 दिवस मोजायचे आणि डिफर्ड रेव्हेन्यू नावे 1,500, विक्री जमा 1,500. एप्रिलअखेर 3,000, मे अखेर 3,100. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये 16 दिवसांचे 1,600 गेले की या ग्राहकाच्या नावावर देण्यात शून्य उरतं. बँकेत पैसे एकदाच आले, नोंदी मात्र तेरा महिन्यांत तेरा. मुदत महिन्याच्या मधोमध सुरू झाली की बारा महिने तेरा महिन्यांत पसरतात, हे पहिल्यांदा करताना सगळ्यांचंच निसटतं.

दिवसाने मोजायचं की महिन्याने, यावर आमचं बरंच बोलणं झालं. पूर्ण रकमेचा बारावा भाग दर महिन्याला घेणं सोपं आहे. पण मग 17 तारखेला सुरू झालेल्याचं काय? पहिला महिना पूर्ण धरायचा, अर्धा धरायचा की सोडून द्यायचा, असा एक नियम ठरवावा लागतो आणि तो सगळ्यांना सारखा लावावा लागतो. ज्यांचे करार सगळे एक तारखेला सुरू होतात त्यांनी बारावा भाग घ्यावा, त्यात काही बिघडत नाही. आमचे करार पैसे येतील त्या दिवशी सुरू होतात, म्हणून मी दिवसाचं गणित निवडलं. त्यात फेब्रुवारीचं उत्पन्न मार्चपेक्षा थोडं कमी दिसतं. सरांना ते सुरुवातीला खटकलं, पण दिवस कमी म्हणून उत्पन्न कमी, हे कारण त्यांना लगेच पटलं.

आता जुन्या चुकीचं काय करायचं हा प्रश्न होता, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जड गेलेला भाग तोच. 2021 च्या वह्या अजून बंद झाल्या नव्हत्या, म्हणून दुरुस्ती त्याच वर्षात करता येणार होती. पण 2020 मध्ये घेतलेले आणि 2021 मध्ये संपलेले करार होतेच. त्यांचं उत्पन्न 2020 च्या वहीत आधीच जाऊन बसलं होतं.

मी दोन तारखांना थांबून दोन याद्या केल्या. 31 डिसेंबर 2020 ला चालू असलेला प्रत्येक करार आणि त्याच्या उरलेल्या दिवसांची रक्कम, तसंच 31 डिसेंबर 2021 ला चालू असलेला प्रत्येक करार. याद्या इनव्हॉइसवरून नाही, करारांवरून केल्या, कारण इनव्हॉइसच्या तारखेला सेवा सुरू होतेच असं नाही. या कामाला नऊ दिवस लागले. पहिल्या यादीची बेरीज आली 7,90,000, दुसरीची 13,10,000.

2021 मध्ये इनव्हॉइसप्रमाणे विक्री दाखवली होती 19,00,000. खरं उत्पन्न काढायचं तर त्यात वर्षाच्या सुरुवातीचं देणं मिळवायचं, कारण ती सेवा 2021 मध्ये दिली गेली, आणि वर्षाअखेरचं देणं वजा करायचं, कारण ती सेवा 2022 मध्ये जाणार. 19,00,000 अधिक 7,90,000 वजा 13,10,000, उत्तर 13,80,000. वर्षाचा खर्च 13,20,000. आम्ही 5,80,000 नफा समजत होतो, तो निघाला 60,000.

ही दुरुस्ती दोन ठिकाणी बसते, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. 13,10,000 चं देणं तर ताळेबंदात उभं करायचंच. त्यातला 5,20,000 चा फरक 2021 च्या नफ्यातून जातो. राहिलेले 7,90,000 हे 2021 चं पाप नाही, आधीच्या वर्षांत जास्त दाखवलेलं उत्पन्न आहे. ते शिलकी नफ्याच्या सुरुवातीच्या आकड्यातून वजा होतात, आणि तुलनेसाठी शेजारी छापलेले 2020 चे आकडेही सुधारावे लागतात. त्यासाठी मला 31 डिसेंबर 2019 ची तिसरी यादी करावी लागली. हे सगळं चालू वर्षाच्या विक्रीतून एकदम वजा केलं असतं, तर 2021 मध्ये कंपनी खड्ड्यात गेल्यासारखी दिसली असती आणि तेही खोटंच ठरलं असतं.

सरांसमोर 60,000 चा आकडा ठेवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बँकेत पैसे दिसतायत ना? मग नफा गेला कुठे?" मी म्हटलं, "सर, पैसे कुठेच गेले नाहीत. बँकेतली शिल्लक आहे तशीच आहे. फक्त त्यातले तेरा लाख अजून आपले झालेले नाहीत, ते पुढच्या बारा महिन्यांच्या कामाचे आहेत." त्यांनी दोन माणसांपैकी एकच घेतला, तोही जुलैत. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता, आणि आकडा वेळेवर समोर आला म्हणूनच तो घेता आला.

यानंतर मी एक तक्ता बनवला. एका ओळीत एक करार. B स्तंभात सुरुवातीची तारीख, C मध्ये शेवटची, D मध्ये कराची रक्कम वगळून वर्गणी. E स्तंभ पहिल्या ओळीत सोडून बाकी रिकामा. E1 मध्ये आधीच्या महिन्याची शेवटची तारीख, F1 पासून पुढे प्रत्येक महिन्याची शेवटची तारीख. F2 मधलं सूत्र असं:

```
=$D2*MAX(0,MIN($C2,F$1)-MAX($B2,E$1+1)+1)/($C2-$B2+1)
```

करार आणि महिना यांचे किती दिवस एकमेकांवर पडतात ते कंसातला भाग मोजतो. महिना करार सुरू होण्याआधीचा किंवा संपल्यानंतरचा असेल, तर उत्तर उणे येतं आणि `MAX(0,…)` त्याला शून्य करतो. `MAX(0,…)` मधला शेवटचा `+1` विसरला की प्रत्येक महिन्यात एक दिवस कमी मोजला जातो. आणि C मध्ये 16 मार्चऐवजी 17 मार्च टाकलं की 365 चे 366 दिवस होतात. ही दुसरी चूक फार सहज घडते, कारण लोकांना वर्ष त्याच तारखेला संपल्यासारखं वाटतं. मी शेवटची तारीख हाताने टाकायचीच नाही असं ठरवलं. `=EDATE(B2,12)-1` ती स्वतः काढतं.

स्तंभाची बेरीज म्हणजे त्या महिन्याची जर्नल एंट्री. महिन्याला एकच एंट्री जाते, तपशील तक्त्यात राहतो.

तक्ता झाल्यावर मला वाटलं काम संपलं. खरं काम ऑक्टोबर 2022 मध्ये कळलं. त्या महिन्यात मी पहिल्यांदा खातेवहीतली डिफर्ड रेव्हेन्यूची शिल्लक आणि तक्त्यातल्या सगळ्या करारांची उरलेली रक्कम शेजारी ठेवली. दोन्ही सारखे असायला हवेत, कारण खात्यातल्या शिलकीतला एकेक आकडा कुठल्या ना कुठल्या ग्राहकाचा असलाच पाहिजे. खातेवही 15,140 ने जास्त निघाली.

रक्कम फार मोठी नव्हती. माझ्या हाताखाली काम करणारी मुलगी म्हणाली, "ताई, पैशांचा फरक किरकोळ आहे, तडजोडीची एंट्री टाकू का?" मी नको म्हटलं, आणि आज मागे वळून पाहताना त्या नकाराचं मला बरं वाटतं. शोधल्यावर तीन वेगवेगळ्या चुका सापडल्या.

पहिली, एका ग्राहकाने मध्येच करार रद्द केला होता. उरलेल्या दिवसांचे 16,500 आम्ही परत केले. मी तक्त्यातली ओळ बंद केली, पण पैसे परत देताना नोंद झाली ती विक्री नावे, बँक जमा अशी. हे पैसे विक्रीतून गेलेच नव्हते, ते देण्यात पडून होते. नोंद डिफर्ड रेव्हेन्यू नावे, बँक जमा अशी हवी होती. त्यामुळे खातेवहीत 16,500 चं देणं तसंच राहिलं आणि त्या महिन्याची विक्री तेवढीच कमी दिसली.

दुसरी, एका इनव्हॉइसवरचा 3,650 चा विक्रीकर वर्गणीबरोबरच डिफर्ड रेव्हेन्यूत जमा झाला होता. कर आपलं उत्पन्न कधीच होत नाही. तो सरकारचा, आपण फक्त गोळा करतो, म्हणून त्याचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं हवं. तक्त्यात रक्कम कर वगळून होती, खातेवहीत करासकट.

तिसरी, एका ग्राहकाने मध्येच वरची योजना घेतली आणि त्यासाठी 5,010 जास्त भरले. ते थेट विक्रीत जमा झाले होते, तक्त्यात मात्र मी ते देणं म्हणून धरले होते. म्हणजे इथे खातेवही कमी पडत होती.

16,500 अधिक 3,650 वजा 5,010, बरोबर 15,140. म्हणजे 15,140 च्या मागे 25,160 च्या चुका होत्या, आणि उलट दिशेच्या चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. चौथी एखादी चूक नेमकी तेवढीच आणि उलट असती तर फरक शून्य दिसला असता. तेव्हापासून मी नुसती बेरीज जुळवत नाही. महिन्यात नवे करार किती आले, परत किती दिले, उत्पन्नात किती वळवले, हे तिन्ही आकडे खातेवही आणि तक्ता दोन्हींतून वेगवेगळे काढते आणि एकेक करून जुळवते.

त्या वरच्या योजनेचं गणित नीट सांगायला हवं, कारण ते जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चुकतं. हा तोच 17 मार्चचा ग्राहक. 1 ऑक्टोबर 2022 ला त्याने योजना बदलली. तोपर्यंत 198 दिवस झाले होते, म्हणजे 19,800 उत्पन्नात गेले होते. उरले 167 दिवस आणि 16,700. नव्या योजनेचे त्याने जास्तीचे 5,010 भरले. आता हे 5,010 ऑक्टोबरमध्ये एकदम उत्पन्नात घ्यायचे नाहीत, आणि ऑक्टोबरपासून नवीन बारा महिन्यांवरही पसरायचे नाहीत, कारण करार अजूनही 16 मार्चलाच संपतो. मागे दिलेल्या 198 दिवसांनाही हात लावायचा नाही. ती सेवा जुन्या भावाने दिली गेली, तिचा हिशेब झाला. उरलेले 16,700 आणि नवे 5,010 मिळून 21,710, भागिले 167, म्हणजे यापुढे दिवसाला 130. तक्त्यात मी जुनी ओळ 30 सप्टेंबरला संपवते, तिची रक्कम 19,800 करते आणि 1 ऑक्टोबर ते 16 मार्चची 21,710 ची नवीन ओळ टाकते. जुनी ओळ पुसायची नाही, नाहीतर आधी बंद झालेल्या महिन्यांचे आकडे बदलतात.

करार रद्द होण्याच्या बाबतीत एक गोष्ट इथेच सांगते. उरलेली सगळी रक्कम परत दिली तर देणं संपतं आणि उत्पन्नाला काही होत नाही. करारानुसार काही कापून परत दिली तर कापलेली रक्कम त्या दिवशी उत्पन्न. काहीच परत द्यायचं नसेल आणि सेवाही थांबली असेल, तर उरलेलं सगळं देणं त्याच दिवशी उत्पन्नात येतं, कारण आता द्यायचं काही राहिलं नाही. पण ग्राहकाने नुसता वापर थांबवला आणि करार चालूच असेल तर काहीही बदलत नाही. सेवा त्याच्यासाठी उघडी आहे, त्यामुळे दिवस मोजत राहायचं.

याच सुमारास आणखी एक फुगवटा सापडला. आम्ही नूतनीकरणाचं इनव्हॉइस मुदत संपायच्या तीस दिवस आधी पाठवतो. जुन्या सवयीने इनव्हॉइस निघालं की येणी नावे आणि डिफर्ड रेव्हेन्यू जमा होत होतं. वर्षाअखेरीला यामुळे ताळेबंदाच्या दोन्ही बाजू फुगायच्या. हे ग्राहक येणी म्हणून दिसत होते, पण त्यांनी पैसे भरले नव्हते, नवीन मुदत सुरू झाली नव्हती आणि ते नकार द्यायला मोकळे होते. नकार देता येत असेल तोपर्यंत ते येणंही नाही आणि आपलं देणंही नाही, तो फक्त प्रस्ताव आहे. ग्राहक करारात बांधला गेलाय आणि पैसे देय झाले, किंवा पैसे हातात आले, तेव्हाच नोंद करायची. आता इनव्हॉइस यादीत असतं, खातेवहीत नसतं. आमच्या नूतनीकरणाच्या इनव्हॉइसांपैकी काही दर वर्षी रद्द होतात, त्यांच्या उलट नोंदी करायचा त्रासही त्यामुळे गेला.

दिवसाला सारखी रक्कम हे गणित तेव्हाच लागू होतं जेव्हा सेवा वर्षभर सारखी दिली जाते. आमच्या एका करारात पहिल्या महिन्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण धरलेलं होतं, वेगळं बिल न करता. प्रशिक्षण आम्ही वेगळंही विकतो, त्याची वेगळी किंमत आहे. म्हणून एकूण रक्कम दोन्हींच्या वेगळ्या किमतींच्या प्रमाणात वाटली. प्रशिक्षणाचा भाग ते झालं त्या महिन्यात, वापराचा भाग दिवसाप्रमाणे. उलट, खातं सुरू करून देण्याचे जे किरकोळ पैसे काही ग्राहकांकडून घेतो, त्यातून त्यांना स्वतंत्रपणे काही मिळत नाही, म्हणून ते वर्गणीबरोबरच पसरतात. दोन वर्षांचे करारही काही आहेत. त्यांचं देणं ताळेबंदात तोडून दाखवावं लागतं, बारा महिन्यांच्या आतलं वेगळं, त्यापलीकडचं वेगळं.

मार्च 2024 मध्ये महिनाअखेरीला खातेवही आणि तक्ता पैशापैशाला जुळले. नवे करार, परतावे, उत्पन्न, सगळं जुळलं. तरी तक्त्यात काही ओळी लाल दिसत होत्या. ज्या कराराची उरलेली रक्कम शून्याखाली गेली तो लाल व्हावा, अशी खूण मी 2023 मध्ये लावून ठेवली होती. 17 मार्च 2023 ते 16 मार्च 2024 चा करार, वर्गणी 36,500, उरलेली रक्कम उणे 100. म्हणजे ग्राहकाने भरले त्यापेक्षा आम्ही 100 जास्त उत्पन्नात घेतले होते.

तेव्हा वर्षभराच्या करारांच्या ओळींत माझ्या सूत्रातला शेवटचा भागाकार 365 ने होता, हाताने लिहिलेला. 2024 हे लीप वर्ष. ज्या करारात 29 फेब्रुवारी येते त्याचे दिवस 366, पण दर निघत होता 365 चा. 366 दिवस गुणिले 100, म्हणजे 36,600. वर दिलेलं सूत्र हे दुरुस्त केलेलं आहे, त्यात भागाकार कराराच्या स्वतःच्या दिवसांनी होतो, दर 99.73 येतो आणि ओळ शून्यावर संपते.

खातेवही आणि तक्ता जुळत असूनही ही चूक दिसली नाही, याचं कारण तेव्हा मला नीट उमगलं. महिन्याची एंट्री मी तक्त्यातूनच घेते. तक्त्यात चुकलं की तीच चूक खातेवहीत जाते आणि दोन्ही आनंदाने जुळतात. जुळणी फक्त एवढंच सांगते की दोघांत फरक नाही. तक्ता बरोबर आहे की नाही, ते करार संपताना कळतं. संपलेल्या प्रत्येक ओळीत उरलेली रक्कम नेमकी शून्य हवी. उणे असेल तर जास्त घेतलं, अधिक उरलं तर काहीतरी घ्यायचं राहिलं.

सूत्र बदलल्यावर तक्त्यात आधीच्या महिन्यांचे आकडेही बदलणार होते, म्हणून मी बंद महिन्यांची बेरीज आधी दुसऱ्या पानावर नुसत्या आकड्यांत उतरवून ठेवली. सगळ्या करारांवरचा एकूण फरक इतका लहान होता की लेखापरीक्षकांशी बोलून तो मार्चमध्येच एका एंट्रीत उलटवला. संपलेल्या सगळ्या ओळी मी सूत्र बदलण्याआधीच वरून खालपर्यंत पुन्हा तपासल्या होत्या. एक ओळ अधिक 50 वर थांबलेली सापडली. त्या ग्राहकाचं नूतनीकरण होताना जुन्या मुदतीचा शेवट एक दिवस आधी टाकला गेला होता. तो ग्राहक अजून आमच्याकडेच आहे, आणि त्याची पुढची ओळ शून्यावर संपली.